शेअरमध्ये किती टक्के? मनाची तयारी ७०, पण घराची ऐपत किती?

जास्वंद_राजारामपुरी

शेअरमध्ये किती ठेवायचं यावरून महिनाभर घरात बोलणं चाललंय. आकडे सगळे मांडते, म्हणजे अंदाजाने कुणी बोलायला नको.

नवरा ४१, मी ३८. तो शिरोली एमआयडीसीत फौंड्रीमध्ये क्वालिटीला आहे, हातात ७२ हजार येतात. मी विनाअनुदानित शाळेत, २८ हजार. मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत. सासरे ७१, सासूबाई ६६, दोघांनाही पेन्शन नाही. घराचा हप्ता २२ हजार, बाकी खर्च ५२ हजार. उरतात २६ हजार, त्यातले २५ हजार इक्विटी फंडांच्या एसआयपीला जातात.

साठलेले पैसे असे: त्याचा पीएफ ९ लाख, पीपीएफ ५ लाख, इक्विटी म्युच्युअल फंड १४ लाख, बँकेत एफडी २ लाख. एकूण ३० लाख.

त्याने एका अॅपवर प्रश्नावली भरली. उत्तर आलं 'आक्रमक गुंतवणूकदार', शेअरमध्ये ७० टक्के. आमचे आत्ता ४७ टक्के होतात, म्हणून तो एफडी मोडून तिकडे वळवू म्हणतो. मला भीती वाटते. पण "भीती वाटते हे काही कारण नाही" असं त्याचं म्हणणं आहे, आणि त्यावर मला उत्तर देता येत नाही.

उद्यमनगरचा_लेथ

ताई, सोपा हिशेब हाय. १०० वजा वय. ४१ वय म्हणजे ५९ टक्के. ७० जरा जास्त झालं, पण ४७ कमीच हाय.

पडझडीची भीती मनातनं काढा. २०२० ला निफ्टी जानेवारीत १२,३६२ वर होता, २३ मार्चला ७,६१०. म्हणजे ३८ टक्के खाली. नोव्हेंबरात परत होता तिथं आला. ज्यानं विकलं नाही त्याचं काय गेलं? सगळा खेळ धीराचा हाय.

हिशेबवही

लेथभाऊंचे आकडे बरोबर आहेत. "ज्यानं विकलं नाही" हे शब्द मात्र परत वाचा, कारण ताईंचा प्रश्न तिथेच आहे. विकायचं नाही हे मनाने ठरवता येतं. विकावं लागणार नाही याची सोय मन करू शकत नाही, ती पैशाने करावी लागते.

अॅपने काय विचारलं असेल? बाजार २० टक्के पडला तर विकाल, थांबाल की आणखी घ्याल. तुमचे मिस्टर म्हणाले, आणखी घेईन. ते खरंही बोलले असतील, पण हा मनाचा प्रश्न झाला आणि तो घरातल्या एकाच माणसाला विचारला. त्या दिवशी आणखी घ्यायला पैसे कुठून येतील, घरात किती जण त्या पगारावर आहेत, म्हाताऱ्यांच्या औषधांचं काय, हे कुणी विचारलंच नाही. ते ऐपतीचे प्रश्न आहेत. १०० वजा वय हा नियमही तिथेच फसतो. ४१ वर्षांचा एकटा माणूस आणि चौघांना सांभाळणारं ४१ वर्षांचं जोडपं, दोघांना तो एकच आकडा देतो.

आता तुमचीच वही उघडू. समजा नोकरी सुटली आणि दुसरी मिळायला ८ महिने लागले. तुमचे २८ हजार येत राहतील. खर्च आणि हप्ता मिळून ७४ हजार, म्हणजे दरमहा ४६ हजारांचा खड्डा. ८ महिन्यांचे ३ लाख ६८ हजार. त्याच काळात सासऱ्यांचं एक मोठं आजारपण निघालं, ३ लाख धरू. कंपनीच्या ग्रुप विम्यात आईवडील असतील तर नोकरीबरोबर तोही जातो, हे बहुतेक घरांत कुणाच्या लक्षात नसतं. एकूण लागले ६ लाख ६८ हजार.

हे पैसे कुठून आणाल? कागदावर तुमची १६ लाखांची रक्कम शेअरबाहेर आहे, पण त्यातली १४ लाख पीएफ आणि पीपीएफमध्ये आहे. पीपीएफमधून सातव्या आर्थिक वर्षापासून, वर्षातून एकदा, तेही मर्यादेत मिळतं. पीएफमधून आजारपणासाठी अर्ज केला तर काही रक्कम येते, पण दवाखान्याच्या काउंटरवर उद्या सकाळी भरायचे पैसे ते नव्हेत. हाताशी फक्त २ लाखांची एफडी. म्हातारपणाच्या पीएफला हात लावायचा नसेल तर उरलेले ४ लाख ६८ हजार इक्विटी फंडातूनच काढावे लागतील.

बाजार तेव्हा ४० टक्के खाली असेल तर तुमच्या १४ लाखांचे ८ लाख ४० हजार झालेले असतील. त्यातून ४ लाख ६८ हजार काढले म्हणजे निम्म्याहून जास्त युनिट विकली. पुढे बाजार जागेवर येईल, पण तुमच्याकडे आधीच्या ४४ टक्केच युनिट उरलेली असतील. धीर कितीही असू दे, विकलेली युनिट वर येत नाहीत.

म्हणून तुमच्या भीतीला कारण आहे. ते मनात नाही, त्या २ लाखांच्या एफडीत आहे. आणि मिस्टर मोडायला निघालेत ते नेमकं तेच.

उद्यमनगरचा_लेथ

मान्य, पण तुम्ही सगळं वाईट एकाच वेळी घडवलंत की. नोकरी जाणार, बाजार पडणार, आजारपणही येणार. असं किती वेळा होतंय?

हिशेबवही

आजारपण वेगळं येईल. पण नोकरी आणि बाजार या घराच्या बाबतीत वेगळे नाहीत, म्हणून एकत्र धरले.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्र्यांचं बरंचसं कास्टिंग ट्रक, ट्रॅक्टर आणि गाड्यांना जातं. ट्रकची विक्री बसली की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग पाळ्या कमी होतात, मग माणसं. २००८ च्या शेवटी ट्रकची विक्री कोसळली, आणि सेन्सेक्स त्याच वर्षी जानेवारीतल्या २१ हजारांवरून पुढच्या मार्चपर्यंत ८,२०० च्या आसपास आला होता. २०१९ मध्ये वर्षभर ट्रकची विक्री घसरत होती आणि बाजार मार्च २०२० मध्ये पडला. हा दुसरा प्रकार जास्त वाईट. आधी पगार आटतो, शिल्लक संपते, आणि हात रिकामा असताना बाजार पडतो.

त्यातून २०२० ला आठ महिन्यांत भरून आलं हे आज कळतं. २००८ चा २१ हजारांचा आकडा परत दिसायला २०१० ची दिवाळी उजाडली, आणि तिथे टिकायला २०१३ चं वर्षअखेर. या वेळी कोणतं उदाहरण लागू होईल ते पडत असताना कुणालाच माहीत नसतं.

म्हणूनच पगार कशावर उभा आहे हे मला वयापेक्षा महत्त्वाचं वाटतं. फौंड्रीतला पगार स्वतःच अर्धा शेअरसारखा वागतो.

भुदरगडचे_गुरुजी

हे वाचून मी तर घाबरलोच. आम्ही नवरा-बायको दोघेही जिल्हा परिषदेचे शिक्षक, २००५ च्या आधी लागलेले, जुनी पेन्शन आहे. मुलगा नोकरीला लागला. कर्ज नाही. माझं वय ५४, शेअरमध्ये ३५ टक्के आहेत. मग कमी करून २० वर आणू का?

हिशेबवही

गुरुजी, तुमचं नेमकं उलटं आहे. तुमचा पगार ट्रकच्या विक्रीवर नाही, पुढे दोन पेन्शन आहेत, अवलंबून कुणी नाही. तुमची ऐपत ६० टक्क्यांचीही निघेल. मन ३५ ला स्वस्थ असेल तर ३५ ठेवा. ऐपत आहे म्हणून जोखीम घेतलीच पाहिजे असं नाही, ती वरची मर्यादा आहे. पण हा धागा वाचून कमी करू नका, तुमच्या घरात ते कारणच नाही.

गुजरीकर

सोन्याचा विषयच कुणी काढला नाही. घरात १५-२० तोळे असतीलच. बाजार पडला तर शेअर विकायचे कशाला? सोनं तारण ठेवायचं, त्याच दिवशी पैसे हातात. साधारण किमतीच्या तीन चतुर्थांशापर्यंत मिळतात.

हिशेबवही

मुद्दा चांगला आहे आणि शेअर विकण्यापेक्षा तारण कर्ज खरंच बरं. दोन गोष्टी मात्र बघा. पगार बंद असताना ते व्याज भरायचं कुठून? ४६ हजारांचा खड्डा त्याने आणखी खोल होतो. आणि दागिने ताईंचे आहेत. नवऱ्याच्या शेअरची उशी म्हणून ते धरायचे की नाही हे त्यांनी सांगायचं, आपण नाही. मी सोनं शेवटच्या फळीत ठेवीन, पहिल्या नाही.

जास्वंद_राजारामपुरी

सोनं ११ तोळे आहे आणि ते मुलीसाठी. हिशेबात धरत नाही.

काल रात्री ८ लाख ४० हजारांचा हिशेब त्याला कागदावर करून दाखवला. एफडी मोडायचा विषय संपला. पण मग बरोबर आकडा किती? आणि एक सांगायचं राहिलं. सासऱ्यांचे स्वतःचे १२ लाख इथल्याच एका पतसंस्थेत मुदत ठेवीत आहेत. व्याज बँकेपेक्षा जास्त मिळतं. ते आमचे नाहीत म्हणून लिहिले नव्हते.

रंकाळा_फेरी

पतसंस्था कुठली ते नका लिहू, पण एक ध्यानात घ्या. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, दर बँकेत माणशी ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. तुम्ही इकडे शेअरचे टक्के मोजताय आणि घरातली सगळ्यात मोठी जोखीम 'सुरक्षित' म्हणून तिकडे ठेवलीय. ७१ व्या वर्षी १२ लाख एकाच ठिकाणी, आणि परत कमवायला वेळ नाही.

सासऱ्यांना विचारून बघा. मुदत संपेल तशी एकेक पावती काढायची. मुदतीआधी मोडली तर व्याज कापतात, घाई नको. ५ लाख बँकेत दवाखान्यासाठी, ७ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. तिथला दर २०२३ पासून ८.२ टक्क्यांवर आहे, दर तिमाहीला १४,३५० रुपये त्यांच्या खात्यात येतील. औषधं आणि दुधाचं बिल त्यातून निघेल.

शिवाय सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत, उत्पन्नाची अट नाही. सासऱ्यांचं काढून घ्या. योजनेत असलेल्या दवाखान्यातच चालतं आणि भरती झाल्यावरच, म्हणून दवाखान्याची शिल्लक शून्य करू नका. सासूबाई त्यात बसत नाहीत.

हिशेबवही

फेरी यांनी चांगलं पकडलं. वडिलांची सोय झाली की ओझं हलकं होतं, आणि तेवढी मुलांची ऐपत वाढते. पण हे पैसे कागदावर येईपर्यंत मी ते धरणार नाही. आज ते पतसंस्थेत आहेत आणि निर्णय त्यांचा आहे.

आकडा उलट्या बाजूने काढू. शेअरमध्ये किती टक्के हा पहिला प्रश्न नव्हेच. पुढच्या पाच वर्षांत लागणारे पैसे आधी बाजूला काढायचे, मग शेअरचा विचार.

नोकरी सुटण्यासाठी ४६ हजारांप्रमाणे ८ महिने आणि थोडं वर, ४ लाख. दवाखान्यासाठी ३ लाख. झाले ७ लाख. एफडी २ लाखांची आहे, म्हणजे ५ लाख इक्विटीतून काढून इकडे आणायचे. इक्विटी राहते ९ लाख. ३० लाखांत ३० टक्के.

आता आधीचीच परीक्षा परत घेऊ. लागणारे ६ लाख ६८ हजार, हाताशी ७ लाख. शेअरला हात लावावा लागत नाही, मग बाजार ४० पडो की ६० पडो. ऐपतीची मर्यादा म्हणजे हीच. वाईट काळ शेअर न विकता पार पडला पाहिजे.

मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणाला ८ लाख लागतील असं धरू. ती आठवीत आहे, साडेचार वर्षं हातात आहेत. दरमहा १३ हजार आरडीत टाकले की व्याज धरून ८ लाखांच्या आसपास जातात. हे पैसे एसआयपीत ठेवू नका. साडेचार वर्षांनी प्रवेशाची तारीख बाजार बघून ठरत नाही. उरलेल्या १३ पैकी १२ हजार इक्विटीत चालू ठेवा. ते मुलाचं शिक्षण आणि तुमचं म्हातारपण, दोन्ही दहा वर्षांच्या पलीकडचे आहेत.

५ लाख काढायची पद्धत. फंडात आधी घेतलेली युनिट आधी विकली जातात, म्हणून नफ्याचं प्रमाण तुमच्या सरासरीपेक्षा जास्त निघतं. ५ लाखांत समजा २ लाख ४० हजार नफा असेल. वर्षाहून जुन्या इक्विटी युनिटवरचा १ लाख २५ हजारांपर्यंतचा नफा दर आर्थिक वर्षाला करमुक्त आहे, त्यावरच्याला १२.५ टक्के. अडीच लाख मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विका, अडीच एप्रिलच्या पहिल्या. दोन वर्षांच्या सवलतीत सगळं बसतं. दुसरा नफा कुठे काढला असेल तर तोही मोजा. मार्च लांब असेल तर त्यासाठी थांबू नका, थोडा कर गेला तरी उशी आधी.

७ लाख एका पावतीत नको. एक-एक लाखाच्या सात पावत्या, दोन बँकांत, दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणालाही काढता येतील अशा. एक लाख हवे असतील तर एकच पावती मोडते. सगळं एकट्याच्या नावावर असेल आणि तोच अतिदक्षता विभागात असेल, तर त्या एफडीचा उपयोग नाही.

टर्म विमा आहे का तेही सांगा. नसेल तर वरचं सगळं अर्धवट आहे.

जास्वंद_राजारामपुरी

त्याचा १ कोटीचा आहे. माझा नाही.

उद्यमनगरचा_लेथ

मी पण घरी वही काढली. १०० वजा वय मागं घेतो. पण ३० टक्के बी लई कमी वाटतंय. मुलगा दुसरीत हाय, रिटायरमेंटला वीस वर्षं. पीएफ-पीपीएफच्या व्याजावर महागाईला कसं पुरणार?

हिशेबवही

ही शंका रास्त आहे. ३० हा कायमचा आकडा नाही. दरमहा १२ हजार इक्विटीत जातायत, पीएफही वाढतोय. हप्ता फिटला, मुलीचं शिक्षण मार्गी लागलं की खड्डा लहान होतो आणि तेवढीच उशी कमी लागते. वडिलांचे ५ लाख खरंच बँकेत आले तर दवाखान्याचे ३ लाख मोकळे होतात, इक्विटी १२ लाखांवर, म्हणजे ४० टक्क्यांवर नेता येईल. ऐपत बदलते तसा आकडा बदला. बाजार वर गेला म्हणून बदलू नका.

रंकाळा_फेरी

थांबा, ते ४० इतक्या सहज नका लिहू. सासऱ्यांना मुलगी आहे का? त्यांच्या पश्चात त्या पैशावर तिचाही वाटा येऊ शकतो. तिला न विचारता ते पैसे भावाच्या शेअरची उशी झाले तर पुढे भांडण ठरलेलं.

आणि मन राहिलंच की. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांना न दाखवता, टक्के न लिहिता रुपये लिहा: किती लाख कमी झालेले बघून झोप लागेल. टक्क्यात माणूस शूर असतो.

जास्वंद_राजारामपुरी

नणंद आहे, इचलकरंजीला. तिच्याशी बोलायला हवं, हे माझ्या डोक्यात नव्हतं.

कागद लिहिले. त्याने ७ लाख लिहिले, मी ३ लाख.

रंकाळा_फेरी

मग बाजार निम्मा झाला तरी ३ लाखच जातील इतकेच ठेवा. ६ लाख, २० टक्के. जोडप्यात नेहमी कमी आकडा धरायचा. नाहीतर पडझडीच्या दिवशी घरात जो आवाज चढतो, त्यातच विक्री होते.

हिशेबवही

इथे मी पूर्ण सहमत नाही. ऐपतीच्या वर जायचं नाही, हे पक्कं. पण ताईंचे ३ लाख कुठून आले ते विचारा. चौदा लाखांचं स्टेटमेंट त्यांनी आजवर उघडलंय का? न पाहिलेल्या गोष्टीची भीती आणि पाहून ठरवलेली मर्यादा यात फरक आहे. शिवाय ३ लाख लिहिताना ७ लाखांच्या पावत्या नव्हत्या. त्या हातात आल्यावर परत लिहायला लावा. तोपर्यंत मिस्टरांनी ९ च्या वर जायचं नाही.

रंकाळा_फेरी

आणि दुसऱ्यांदाही ३ च लिहिले तर? तेव्हाही "नीट पाहिलं नाहीस" म्हणणार का? मी कमी आकड्यावरच राहते.

जास्वंद_राजारामपुरी

स्टेटमेंट मी खरंच कधी उघडलं नव्हतं. फोलिओ सगळे त्याच्या एकट्याच्या नावावर आहेत, दोन ठिकाणी नॉमिनी म्हणून अजून सासूबाई आहेत. ते या आठवड्यात बदलतोय. मला टर्म विमा घ्यायचं ठरलं, माझ्या २८ हजारांवर त्या आठ महिन्यांचा सगळा हिशेब उभा आहे हे दिसल्यावर.

५ लाख काढायचे हे पक्कं. पहिले अडीच लाख या महिन्यातच, कारण मार्च संपत आलाय. १३ हजारांची आरडी एक तारखेपासून. सासरे पोस्टात यायला तयार आहेत, पण पतसंस्थेतली पहिली पावती जूनमध्ये सुटते.

३० की २० यावर आमचं जमलेलं नाही. सातव्या पावतीवर सही झाली की दोघंही कागद परत लिहिणार आहोत. माझा आकडा तेव्हा काय येईल, मला आत्ता सांगता येत नाही.